वहीत मोजायचं, बिलात नाही

मार्च महिना लागला की आमच्या ऑफिसात दोन प्रकारची माणसं येतात. जीएसटीची नोंदणी आहे ती विवरणपत्राच्या तारखा विचारायला, आणि नोंदणी नाही ती आपल्याला घ्यावी लागणार नाही ना, याची खात्री करून घ्यायला. दुसऱ्या प्रकारातली बहुतेक मंडळी खुर्चीत बसता बसताच सांगतात, ‘आपलं काही वीस लाखाच्या वर नाही हो.’ त्यावर माझा ठरलेला प्रश्न असतो: ‘कशाचं वीस लाख?’

सेवा पुरवणाऱ्यासाठी नोंदणीची मर्यादा 20 लाख रुपये आहे, हे आता बहुतेकांना पाठ झालंय. (मणिपूर, मिझोराम, नागालँड आणि त्रिपुरा या राज्यांत ती 10 लाख आहे. महाराष्ट्र आणि गोव्यात 20 लाखच.) पण हे 20 लाख कोणत्या रकमा धरून आणि कोणत्या सोडून मोजायचे, तिथेच गाडी अडते. ज्यावर कर लागतो तेवढीच कमाई मोजायची असं काहींना वाटतं. बँकेत जमा झालेला प्रत्येक रुपया मोजायचा असं काहींना वाटतं. कायद्याचं माप या दोन्हींपेक्षा वेगळं आहे. त्याचं नाव ‘अॅग्रिगेट टर्नओव्हर’, म्हणजे एकूण उलाढाल. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 2(6)मध्ये त्याची व्याख्या आहे.

व्याख्या साध्या शब्दांत अशी: एका पॅनवर, देशभरात, एका आर्थिक वर्षात केलेला सगळा पुरवठा एकत्र करायचा. त्यात करपात्र पुरवठा आला, करमुक्त आला, निर्यात आली आणि दुसऱ्या राज्यात दिलेली सेवाही आली. बिलात लावलेला जीएसटी वजा करायचा. आणि ज्या खरेदीवर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्यालाच कर भरावा लागतो, म्हणजे ज्याला रिव्हर्स चार्ज म्हणतात, ती खरेदी घेणाऱ्याच्या उलाढालीत धरायची नाही. कारण ती त्याची विक्री नव्हे.

एवढ्यानं चित्र डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून एक वही उघडू या. वहीतली डॉक्टर काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या वह्या आमच्या टेबलावर दरवर्षी येतात.

मिरजेतल्या एका दवाखान्याची वही

समजा, मिरजेत एक त्वचारोगतज्ज्ञ आहेत. दवाखाना त्यांच्या स्वतःच्या नावावर. रविवार सोडून रोज उघडा, आणि रोजची फी सरासरी 5,000 रुपये. सांगलीच्या बाजारपेठेत त्यांच्या मालकीचा एक गाळा आहे. तो एका शिंप्याला महिना 15,000 रुपयांनी दिलाय. त्या शिंप्याची जीएसटी नोंदणी नाही. सांगलीतच त्यांचा एक फ्लॅट आहे. त्यात एक कुटुंब राहतं, भाडं महिना 8,000. बंगळुरूची एक कंपनी मोबाईलवर आरोग्यविषयक माहिती देते. ती माहिती तपासून देण्याचं काम डॉक्टर करतात आणि दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी 20,000 रुपयांचं बिल पाठवतात. बँकेतल्या मुदत ठेवींवर दर तिमाहीला 24,000 रुपये व्याज जमा होतं. शिवाय एका नर्सिंग कॉलेजात त्या पगारी अध्यापक आहेत, त्याचे वर्षाला 3,60,000 मिळतात. त्या वर्षी त्यांनी 2,10,000 रुपयांचे शेअर विकले आणि 18,000 रुपये लाभांश आला.

बँकेच्या पासबुकावरून बेरीज केली तर वर्षाची जमा 26,60,000 रुपये होते. फक्त करपात्र कमाई पाहिली, म्हणजे बंगळुरूचे 2,40,000 आणि गाळ्याचे 1,80,000, तर ती 4,20,000 होते. एका हिशोबानं मर्यादा केव्हाच ओलांडलेली, दुसऱ्यानं अजून कोसभर दूर. आणि दोन्ही हिशोब चूक.

आधी जे गळतं ते गाळू. पगार मोजायचा नाही. कर्मचाऱ्यानं मालकाला दिलेली सेवा ही कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार वस्तूचाही पुरवठा नाही आणि सेवेचाही नाही. शेअर म्हणजे सिक्युरिटीज, आणि त्यांना कायदा वस्तूही म्हणत नाही, सेवाही म्हणत नाही. त्यामुळे त्यांच्या विक्रीचे पैसे सुटले. लाभांशही कुठल्या सेवेचा मोबदला नाही. इथे एक बारीक फरक लक्षात ठेवावा. याच डॉक्टर कॉलेजच्या पगारपत्रकावर नसत्या आणि व्याख्यानामागे मानधन घेत असत्या, तर ती रक्कम पगार ठरली नसती. ती सेवेची किंमत म्हणून उलाढालीत आली असती. फॉर्म 16 मिळतो की मानधनावर व्यावसायिक फी म्हणून टीडीएस कापला जातो, यावरून ही गोष्ट बहुधा कळते.

आता जे राहिलं ते असं. दवाखान्याची फी 14,60,000. बंगळुरूचं काम 2,40,000. गाळ्याचं भाडं 1,80,000. फ्लॅटचं भाडं 96,000. ठेवींचं व्याज 96,000. एकूण 20,72,000 रुपये.

इथे डॉक्टरांचा प्रश्न ठरलेला असतो: ‘अहो, पण पेशंटच्या फीवर जीएसटी नाहीच ना?’ नाहीच. आरोग्यसेवा करमुक्त आहे. (केशरोपण आणि निव्वळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया यांना ही माफी नाही, पण या डॉक्टर ती करत नाहीत.) कुटुंबाला राहण्यासाठी दिलेल्या फ्लॅटचं भाडंही करमुक्त आहे. पण करमुक्त म्हणजे ‘कर लागत नाही’ एवढंच. ‘मोजत नाही’ असा त्याचा अर्थ नाही. कलम 2(6)मध्ये ‘एक्झेम्प्ट सप्लाय’ हे शब्द स्पष्ट लिहिलेत. तेव्हा पेशंटची फी बिलात कराविना राहते, पण वहीत पूर्ण मोजली जाते.

फक्त करमुक्तच असेल तर?

हे ऐकल्यावर पुढचा प्रश्न येतो, तोही रास्त. शेजारच्या डॉक्टरांची फी वर्षाला 50 लाख आहे आणि त्यांची नोंदणी नाही, ते कसं?

त्याचं उत्तर कलम 23मध्ये आहे. ज्याचा सगळाच पुरवठा करमुक्त किंवा कराच्या कक्षेबाहेरचा आहे, त्याला उलाढाल कितीही असली तरी नोंदणी घ्यावी लागत नाही. शेजारच्या डॉक्टरांची पन्नास लाखांची फी आहे, पण करपात्र असा एक रुपयाही नाही. आपल्या डॉक्टरांकडे मात्र गाळा आहे आणि बंगळुरूचं काम आहे. करपात्र पुरवठ्याचा एक थेंब पडला की कलम 23चं छप्पर उडतं, आणि मग आतलं करमुक्त उत्पन्नही मोजणीत येतं.

जुलै 2025मध्ये कर्नाटकात यूपीआयवरच्या जमेच्या आधारे छोट्या व्यापाऱ्यांना कराच्या नोटिसा गेल्या आणि मोठा गदारोळ झाला. त्यात भाजी, दूध असला करमुक्त माल विकणारेही होते. जमेचा आकडा मोठा दिसला म्हणजे कर लागतोच असं नाही, हे त्यांना कागद दाखवून सांगावं लागलं. मोबाईलच्या पडद्यावर दिसते ती नुसती जमा असते. उलाढाल त्यातून निवडून काढावी लागते.

‘दुसऱ्या राज्यात काम म्हणजे नोंदणी सक्तीची’ हे कुठून आलं

आता बंगळुरूच्या 20,000 रुपयांकडे वळू. सेवा मिरजेतून दिली, घेणारी कंपनी कर्नाटकात नोंदणीकृत. अशा वेळी सेवेचं ठिकाण म्हणजे घेणाऱ्याचं ठिकाण, असा नियम आहे. त्यामुळे हा आंतरराज्य पुरवठा झाला.

आंतरराज्य म्हटलं की अनेकजण दचकतात. त्याला कारण आहे. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला तेव्हा कलम 24नुसार दुसऱ्या राज्यात करपात्र पुरवठा करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होती. पुण्यातल्या मुलीनं हैदराबादच्या कोणाला 2,000 रुपयांचा लोगो काढून दिला तरी तिनं नोंदणी घ्यावी, असा त्याचा अर्थ होत होता. 6 ऑक्टोबर 2017 रोजी जीएसटी परिषदेच्या 22व्या बैठकीत यावर सवलत ठरली आणि 13 ऑक्टोबरला एकात्मिक कराची 10/2017 क्रमांकाची अधिसूचना निघाली. तेव्हापासून सेवा देणाऱ्याची देशभरातली एकूण उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर केवळ आंतरराज्य कामामुळे नोंदणी घ्यावी लागत नाही. परदेशी ग्राहकाला दिलेली सेवाही कायद्याच्या भाषेत आंतरराज्यच असते, आणि तीही याच मोजमापात बसते. जुना नियम मात्र लोकांच्या डोक्यातून अजून पुरता गेलेला नाही.

ही सवलत सेवांसाठी आहे. आणि तिचं मापही तेच: एकूण उलाढाल, करमुक्त धरून. म्हणजे बंगळुरूचं काम अवघं 2,40,000चं असलं तरी ‘आंतरराज्य काम वीस लाखांच्या आत आहे’ असं म्हणून सुटता येत नाही. पाहायची ती सगळ्याची बेरीज.

मिरजेत याच संदर्भात आणखी एक घोळ होतो. इथे अथणी, चिकोडी, रायबागचे रुग्ण रोज येतात. मग त्यांच्यावर केलेले उपचारही आंतरराज्य सेवा ठरतात का? नाही. आरोग्यसेवेसाठी कायद्यात वेगळा नियम आहे: सेवा प्रत्यक्ष जिथे दिली ते तिचं ठिकाण. रुग्ण अथणीचा असला तरी उपचार मिरजेत झाले, म्हणून सेवा महाराष्ट्रातलीच. एकाच डॉक्टरचं कर्नाटकातल्या माणसासाठी केलेलं एक काम आंतरराज्य ठरतं आणि दुसरं ठरत नाही, ते असं.

याच डॉक्टरांनी उद्या निपाणीत शनिवारचा दवाखाना काढला, तर तिथली फीही याच बेरजेत येईल, कारण पॅन एकच. पण निपाणीतून त्या फक्त करमुक्त सेवा देत असतील तर कर्नाटकात नोंदणी घ्यावी लागणार नाही. नोंदणी ज्या राज्यातून करपात्र पुरवठा होतो तिथेच घ्यायची असते. मोजणी देशभराची, नोंदणी राज्यापुरती. पतीचा पॅन वेगळा असतो. त्यामुळे त्यांच्या नावावरचं भाडं या वहीत येत नाही.

व्याजाचा वाद

आता वहीतल्या सगळ्यात नाजूक आकड्याकडे येऊ: ठेवींचं 96,000 रुपये व्याज. ते काढून टाकलं तर एकूण उलाढाल 19,76,000 होते आणि नोंदणीची गरजच उरत नाही. ठेवलं तर मर्यादा ओलांडते. म्हणजे सगळं या एका ओळीवर अडलंय.

बँकेत ठेव ठेवणं ही सेवा कशी, असं कोणालाही वाटेल. पण करमाफीच्या यादीत ‘ठेवी, कर्ज किंवा आगाऊ रक्कम देण्याची सेवा, जिचा मोबदला व्याजाच्या रूपात मिळतो’ अशी स्वतंत्र नोंद आहे. एखादी गोष्ट करातून माफ केली, याचाच अर्थ ती पुरवठा आहे हे गृहीत धरलं, असा त्यावरून तर्क निघतो. 2020मध्ये गुजरातच्या अग्रिम निर्णय प्राधिकरणानं, म्हणजे एएआरनं, नेमकं हेच म्हटलं: गाळ्याचं भाडं मिळवणाऱ्याच्या एकूण उलाढालीत बचत खातं, पीपीएफ आणि कर्जाऊ दिलेल्या रकमेवरचं व्याजही धरायचं. त्याच वर्षी कर्नाटकच्या प्राधिकरणानंही व्याज उलाढालीत धरलं.

उलट बाजूनं युक्तिवाद असा की, घरखर्चातून वाचवलेले पैसे बँकेत ठेवणं हा व्यवसाय नव्हे, आणि पुरवठा व्हायचा तर तो व्यवसायाच्या ओघात झाला पाहिजे. हा मुद्दा हलका नाही. शिवाय एएआरचा निर्णय ज्यानं मागितला त्याच्यावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो. तो सगळ्यांसाठीचा कायदा होत नाही.

पण कायद्यातली एक गोष्ट मला या वादात वजनदार वाटते. केवळ वस्तू विकणाऱ्यांसाठी मर्यादा 40 लाख आहे. तिथे कायद्यात मुद्दाम लिहिलंय की ठेवींवर व्याज मिळालं म्हणून कोणी ‘केवळ वस्तू विकणारा’ राहत नाही असं समजू नये. कंपोझिशन योजनेची पात्रता मोजतानाही हे व्याज सोडायला सांगितलंय. म्हणजे व्याजाची अडचण सरकारच्या लक्षात आली होती, दोन ठिकाणी तिच्यासाठी दार उघडलंही. कलम 2(6)च्या व्याख्येत मात्र ते उघडलेलं नाही. म्हणून मी व्याज मोजायलाच सांगतो. सोडायचं असेल तर जाणीवपूर्वक सोडावं, आणि नोटीस आली तर लढण्याची तयारी ठेवावी.

25 मार्चची दुपार

मर्यादा वर्षाअखेरीला मोजून ठरत नाही. ती वर्षात ज्या दिवशी ओलांडली जाते, त्या दिवसापासून जबाबदारी सुरू होते. म्हणून वही चालती हवी.

आपल्या डॉक्टरांची फेब्रुवारी 2026अखेरची बेरीज 18,75,000 होती. मार्चच्या पहिल्या दिवसांत गाळ्याचे 15,000 आणि फ्लॅटचे 8,000 आले, झाले 18,98,000. पुढे रोजची 5,000 फी धरत गेलो, तर 24 मार्चच्या रात्री आकडा 19,98,000वर येतो. 25 मार्चला दुपारी कुठल्या तरी रुग्णाची फी गल्ल्यात पडली आणि 20 लाख ओलांडले गेले. गंमत म्हणजे ती फी करमुक्त होती. ज्या रुपयानं नोंदणी लादली, त्या रुपयावर करच नाही.

तिथून 30 दिवसांच्या आत, म्हणजे 24 एप्रिलपर्यंत, पोर्टलवर GST REG-01 हा अर्ज भरायचा. मुदतीत भरला तर नोंदणी 25 मार्चपासूनच लागू धरली जाते. मग 31 मार्चला पाठवलेल्या बंगळुरूच्या 20,000च्या बिलावर 18 टक्क्यांनी 3,600 रुपये आयजीएसटी लागतो. बिल करविना गेलेलं असतं, म्हणून प्रमाणपत्र मिळाल्यापासून महिन्याभरात सुधारित बिल देता येतं. कंपनीला त्या कराचं क्रेडिट मिळतं, त्यामुळे ती बहुधा कुरकुर करत नाही. त्या वर्षाचा डॉक्टरांचा सगळा जीएसटी एवढाच: 3,600 रुपये. 20,72,000वर 18 टक्के म्हणजे 3,72,960 रुपये भरावे लागतील या धास्तीनं झोप उडवून घेण्याचं कारण नाही. फी, फ्लॅटचं भाडं आणि व्याज यांवर नोंदणीनंतरही कर नाहीच. 25 मार्चच्या आधीच्या गाळ्याच्या भाड्यावर आणि बिलांवरही नाही.

खरी टोचणी पुढच्या वर्षी लागते. गाळ्याच्या 15,000 भाड्यावर दरमहा 2,700 कर येणार. शिंप्याची नोंदणी नाही, त्याला क्रेडिट नाही. मग तो म्हणतो, ‘बाई, भाडं वाढवलंत होय?’ हे पैसे कोणी सोसायचे, ते दोघांनी बसून ठरवायचं. करारात ‘कर वेगळा’ असं लिहिलेलं नसेल, तर ते बोलणं सोपं जात नाही.

अर्ज केलाच नाही तर? उशिरा अर्ज केल्यास नोंदणी मंजुरीच्या तारखेपासून लागू होते, पण कराची जबाबदारी 25 मार्चपासूनच राहते. मधल्या काळातल्या खरेदीचं क्रेडिट हातचं जातं, थकलेल्या करावर 18 टक्के दरानं व्याज बसतं, आणि नोंदणी न घेतल्याबद्दल 10,000 रुपये किंवा बुडालेला कर, यांतली मोठी रक्कम दंड होऊ शकते. 3,600 रुपयांच्या करासाठी 10,000चा दंड, असा हा हिशोब होतो. आणि लपून राहण्यासारखं यात फारसं काही नसतं. बंगळुरूच्या कंपनीनं टीडीएस कापलेला असतो, बँकेनं व्याज कळवलेलं असतं, आणि सगळं एकाच पॅनखाली आयकराच्या वार्षिक माहितीपत्रकात ओळीनं मांडलेलं असतं.

वहीसाठी एवढं करावं. पगार, लाभांश आणि शेअरच्या विक्रीची पानं वेगळी ठेवावीत. उरलेल्या प्रत्येक पानाची, मग ते करपात्र असो, करमुक्त असो की दुसऱ्या राज्यातलं, दर महिन्याच्या शेवटी एकच बेरीज मारावी. आकडा 18 लाखांवर गेला की बेरीज रोजची करावी. आपल्या डॉक्टरांनी ती केली असती, तर 24 मार्चच्या रात्री त्यांना दिसलं असतं की मर्यादेला आता फक्त 2,000 रुपये उरलेत.